शिल्लक किती? निरीक्षण विहिरीवरच्या सेलचा हिशेब

अटल भूजल योजनेत महाराष्ट्रातील 13 जिल्हे आले, त्यांत बुलढाणा आहे. विहिरीत टेप सोडून पाणी मोजण्याच्या जुन्या पद्धतीच्या जोडीला भूजल मोजणीत आता स्वयंचलित जलपातळी नोंदयंत्रे आली आहेत. बोअरमध्ये दाबमापक लटकतो आणि वर लोखंडी आवरणात मॉडेम, सिमकार्ड व सेल असतात. यंत्र ठरावीक तासांनी पातळी टिपते आणि दिवसातून एकदा आकडे पाठवते. जिल्हा मोठा आहे. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी संग्रामपूर आणि जळगाव जामोद, तर दक्षिणेला लोणार आणि सिंदखेडराजा. त्यामुळे सेल संपल्याचे यंत्र गप्प झाल्यावर कळले, तर माणूस तिथे पोहोचेपर्यंत बराच काळ जातो. हे एप्रिल-मेमध्ये झाले तर पातळी सर्वांत खाली जाण्याचा काळ नोंदीतून कायमचा निसटतो, आणि त्या आठवड्यांचा आकडा पुढे कुठूनही मिळवता येत नाही. म्हणून सेलमध्ये किती शिल्लक आहे हे दुरून कळायला हवे. माझे म्हणणे असे की या कामात व्होल्टेजवर भिस्त ठेवणे चूक आहे. खरा आधार खर्चाच्या नोंदीचा, आणि व्होल्टेजला साक्षीला बोलवायचे ते शेवटच्या टप्प्यात.

अशा यंत्रांत बहुधा लिथियम थायोनिल क्लोराइडचा सेल असतो. तो एकदाच वापरायचा, पुन्हा चार्ज न होणारा. मोठ्या, म्हणजे डी आकाराच्या सेलवर साधारण 19 अँपिअर-तास अशी क्षमता लिहिलेली असते. वर्षानुवर्षे टिकतो म्हणून तो निवडतात, पण मोजणाऱ्याची अडचण त्याच्याच गुणात आहे. हलक्या भाराखाली तो जवळजवळ पूर्ण आयुष्यभर 3.6 व्होल्टच देत राहतो. कारण रासायनिक आहे. आतली क्रिया सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीच राहते. संपत जातो तो कच्चा माल, क्रियेचा जोर नव्हे. म्हणून वापराविरुद्ध व्होल्टेजचा आलेख काढला तर लांबच लांब सपाट पठार दिसते आणि टोकाला एकदम कडा. यंत्रातल्या मोजमापाच्या संदर्भ-व्होल्टेजमध्ये 1 टक्का चूक असली तरी ती 36 मिलिव्होल्ट होते. पठारावरचा संपूर्ण चढउतार बऱ्याचदा याहून मोठा नसतो, आणि त्यातही मोठा हिस्सा तापमानाचा असतो. दुपारी तापलेल्या आवरणातला सेल आणि पहाटेचा थंड सेल यांच्यातला फरक वर्षभराच्या खर्चापेक्षा ठळक दिसतो.

यावर कोणी म्हणेल की टॉर्चचा सेल तर व्होल्टेजवरून ओळखता येतो. येतो, कारण तो अल्कलाइन असतो. त्याचे व्होल्टेज 1.6 पासून 0.9 पर्यंत उताराने घसरत जाते आणि त्या उतारावर आपण कुठे आहोत हे ढोबळमानाने सांगता येते. म्हणजे व्होल्टेजची पद्धत मुळात खोटी नाही. तिला उतार लागतो एवढेच. सेल निवडताना त्याच्या वक्राचा आकार पाहिला की मोजण्याची कोणती पद्धत चालेल हेही तिथेच ठरून जाते. खरेदी करणारे मात्र फक्त क्षमतेचा आकडा पाहतात.

मग खर्च मोजायचा. विद्युतप्रवाह गुणिले वेळ म्हणजे वाहून गेलेला विद्युतभार. त्याचे एकक कूलंब, म्हणून ही पद्धत कूलंब-मोजणी. उदाहरणादाखल एक नोड घेऊ. झोपेत तो 30 मायक्रोअँपिअर घेतो, म्हणजे 24 तासांत 0.72 मिलिअँपिअर-तास. दिवसातून चार वेळा पातळी मोजायला 8 मिलिअँपिअर, 5-5 सेकंद. हा खर्च 0.04, म्हणजे नगण्य. आकडे पाठवताना सरासरी 120 मिलिअँपिअर, एक मिनिट. हे झाले 2 मिलिअँपिअर-तास. दिवसाची बेरीज सुमारे 2.76 आणि वर्षाची एक अँपिअर-तास. आता हाच नोड सातपुड्याच्या पायथ्याशी, रेंज कमी असलेल्या ठिकाणी ठेवला आणि मॉडेमला टॉवर शोधून आकडे पोहोचवायला एकाऐवजी चार मिनिटे लागू लागली, तर पाठवण्याचा खर्च 8 होतो आणि वर्षाची बेरीज 3.2 अँपिअर-तासांवर जाते. यंत्र तेच, सेल तोच, बसवल्याची तारीखही तीच, पण एकाचा खर्च दुसऱ्याच्या तिपटीहून जास्त. आणि दोन वर्षांनी दोघांचेही व्होल्टेज 3.6! ‘दर अमुक वर्षांनी सगळे सेल बदलून टाका, मोजायची भानगडच नको’ या युक्तिवादाला इथेच उत्तर मिळते. सर्वांत वाईट ठिकाण धरून तारीख ठरवली तर चांगल्या ठिकाणचे निम्म्याहून अधिक भरलेले सेल फेकावे लागतात, आणि सरासरी धरली तर वाईट ठिकाणची यंत्रे मधेच बंद पडतात.

कूलंब-मोजणीवरचा खरा आक्षेप वेगळा आणि वजनदार आहे. मोजणीतली बारीक चूक रोज साचत जाते. प्रवाह मोजण्यासाठी मार्गात छोटा रोध घालून त्यावरचे व्होल्टेज वाचतात. रोध 0.1 ओहमचा असेल तर 120 मिलिअँपिअरला त्यावर 12 मिलिव्होल्ट दिसतात, ते आरामात वाचता येतात. झोपेतल्या 30 मायक्रोअँपिअरला मात्र 3 मायक्रोव्होल्टच मिळतात. वाचणाऱ्या प्रवर्धकात 10 मायक्रोव्होल्टची शून्यचूक असली, म्हणजे काहीच वाहत नसताना तो एवढे दाखवत असला, तर मोजणीत 100 मायक्रोअँपिअरचा खोटा प्रवाह सतत मिसळत राहतो. दिवसाला 2.4 मिलिअँपिअर-तास! नोडच्या पूर्ण दिवसाच्या खऱ्या खर्चाएवढीच जवळजवळ ही चूक. चार्ज होणाऱ्या बॅटरीत असा हिशेब भरकटला तरी बॅटरी पूर्ण भरली की मोजणी पुन्हा शंभरावर आणता येते. एकदाच वापरायच्या सेलला तो क्षण बसवण्याच्या दिवशीच मिळतो, त्यानंतर कधीच नाही. उपाय असा की झोप मोजायचीच नाही. झोपेतला प्रवाह यंत्र बसवण्याआधी टेबलावर चांगल्या मापकाने मोजून घ्यावा, त्याला तासांनी गुणावे, आणि रोधावरची मोजणी फक्त मॉडेम जागा असताना चालवावी. पेटीत ओल शिरली तर झोपेतला प्रवाह वाढतो आणि हा उपाय फसतो, म्हणून पावसाळ्यानंतरच्या फेरीत तो एकदा पुन्हा मोजावा.

तरीही एक खर्च कोणत्याच रोधातून जात नाही. कणगीतून किती पायल्या काढल्या याची नोंद चोख ठेवली, तरी उंदरांनी खाल्लेले धान्य वहीत येत नाही. सेलची स्वतःची आतली झीज अशीच असते. या सेलमध्ये 20 अंशांना ती वर्षाला सुमारे 1 टक्का, आणि उष्णतेबरोबर वाढत जाते. घाटावरच्या बुलढाणा शहरापेक्षा खाली पूर्णेच्या खोऱ्यातला मलकापूर-शेगावचा पट्टा उन्हाळ्यात जास्त तापतो, आणि उन्हातल्या लोखंडी आवरणाच्या आत तर हवेपेक्षाही जास्त. म्हणून मॉडेममधला तापमापक रोज वाचून झीज तापमानानुसार धरावी. मग हिशेब असा उभा राहतो:

```
Q_left = Q_start - Q_active - I_sleep * t - Q_self(T)
```

या समीकरणातली सर्वांत मोठी अनिश्चितता कुठे आहे? मोजणीवर एवढा खल केल्यावर आश्चर्य वाटेल, पण ती पहिल्याच पदात आहे. छापील 19 अँपिअर-तास हे अगदी हलक्या, सलग भाराला, मध्यम तापमानात आणि सेल 2 व्होल्टपर्यंत पिळून काढल्यावर मिळतात. मॉडेमला ठोक्याठोक्याने प्रवाह लागतो आणि तो 2 व्होल्टच्या खूप आधी बंद पडतो. म्हणून वापरता येण्याजोगी क्षमता 15 ते 18 धरू. कमी रेंजच्या नोडचा दोन वर्षांचा खर्च 6.4, आणि उष्णता लक्षात घेऊन झीज वर्षाला 2 टक्क्यांनी सुमारे 0.8, एकूण 7.2. शिल्लक 7.8 ते 10.8. वर्षाला 3.6 या दराने हे सव्वादोन ते तीन वर्षे पुरेल. मोजणीत 5 टक्के चूक धरली तरी ती 0.3 अँपिअर-तास होते. सुरुवातीच्या क्षमतेतली शंका तीन अँपिअर-तासांची आहे. त्यामुळे आणखी महागडी मोजणारी चिप घेण्यापेक्षा त्याच खेपेतले दोन-चार सेल नोडसारख्याच ठोक्यांनी रिकामे करून पाहण्यावर खर्च करणे शहाणपणाचे. अर्थात घाईने रिकामा केलेला सेल वर्षानुवर्षांची झीज दाखवत नाही, तेवढी जमेत धरावी लागते.

आता व्होल्टेजची साक्ष. स्थिर व्होल्टेज गप्प राहते, पण भार टाकताच ते किती दबते हे बोलके असते. ठरलेला 10 मिलिअँपिअरचा भार टाकल्यावर 3.60 चे 3.56 झाले तर आतला रोध 4 ओहम, आणि 3.40 झाले तर 20. पठार संपत येते तसा हा रोध चढू लागतो आणि कडा येण्याआधी थोडी सूचना मिळते. सेलला समांतर कपॅसिटर असेल तर ठोका तोच पेलतो आणि सेलचे दबणे झाकले जाते. म्हणून चाचणीचा भार काही सेकंद टिकवावा लागतो. थंडीतही रोध वाढतो. डिसेंबरच्या पहाटेचा आकडा मेमधल्या दुपारच्या आकड्याशी ताडून पाहिला की खोटी घंटा वाजते. तुलना सारख्या तापमानाच्या नोंदींचीच करावी.

दुसरा चकवा याहून फसवा आहे. हा सेल पडून राहिला की लिथियमवर लिथियम क्लोराइडचा पातळ थर धरतो. आतली झीज कमी ठेवणारा थर हाच, पण गोदामात, त्यातही उन्हाळ्यात, तो जाड होतो. मग पहिल्याच ठोक्याला व्होल्टेज खोल दबते आणि कोरा करकरीत सेल ‘संपला’ म्हणून बाहेर पडतो. फरक ओळखणे सोपे आहे. भार चालू ठेवला तर थर फुटतो आणि व्होल्टेज सावरत वर येते. खरोखर संपलेल्या सेलचे ते खालीच जात राहते. म्हणून भार टाकताक्षणीचे वाचन कधीही निर्णयाला घेऊ नये.

दोन्ही पुरावे जोडण्याचा नियम मग आपोआप सुचतो. हिशेबाने शिल्लक भरपूर आहे तोवर व्होल्टेजच्या बारीक हालचालींकडे दुर्लक्ष करावे. हिशेबाचा खालचा अंदाज 2-3 अँपिअर-तासांवर आला की रोधाची रोजची चाचणी गांभीर्याने वाचावी, आणि तिथे दोघांत भांडण झाले तर रोधाचे ऐकावे, कारण साचलेली चूक त्याच्यात नसते. रोध चढलेला असूनही हिशेब निम्मे शिल्लक दाखवत असेल, तर सेल सदोष आहे किंवा वहीत न येणारी गळती आहे. सेलबरोबर पेटीही उघडून पाहावी. आणि मुख्यालयाच्या पडद्यावर टक्क्यांऐवजी ‘पुढच्या फेरीपर्यंत पुरेल का’ याचे उत्तर खालच्या अंदाजाने दाखवावे. सातपुड्याच्या पायथ्याच्या आपल्या नोडसाठी ते आज ‘होय’ आहे. पण त्याच नोंदीत रोजचा पाठवण्याचा वेळ चार मिनिटे दिसतो, आणि अँटेना आवरणाबाहेर थोड्या उंचीवर नेऊन तो दोन मिनिटांवर आणता आला, तर पाठवण्याचा खर्च निम्म्यावर येतो आणि सव्वादोन वर्षांचा खालचा अंदाज साडेतीनच्या पुढे जातो.