लीड कोणती घ्यायची?

समजा, तालुक्याच्या दैनिकाकडे संध्याकाळी तीन बातम्या आहेत: मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन, मुंबईतली मोठी आग आणि उद्यापासून नळाला चार दिवसांआड पाणी. गाल्टुंग आणि रूगे यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या बातमीमूल्यांत बड्या व्यक्तींना, वाईट घटनांना, जवळिकीला आणि अनपेक्षिततेला वजन आहे. मंत्री बडे खरे, पण कार्यक्रम आधीच ठरलेला. आग भीषण, मात्र वाचकाने ती रात्रीच टीव्हीवर पाहिलेली असणार. पाण्याची बातमी घराघराशी निगडित. ती वाचून माणूस आधी पिंप भरायला उठतो. लीड तिचीच. फक्त पालिकेच्या पाणीपुरवठा विभागाकडून वेळापत्रक पक्के करून घ्या आणि मथळ्यात ‘टंचाईचे सावट’ नको, कोणत्या भागात कोणत्या वारी पाणी येणार ते छापा.