डक्टमध्ये हात कुठून घालायचा?

बाथरूमच्या कोपऱ्यात भिंत थोडी पुढे आलेली दिसते, तिच्या आत बहुतेक वेळा डक्ट असते. वरच्या मजल्यापासून तळापर्यंत गेलेला कमोडचा चार इंची पाइप, अंघोळीच्या आणि बेसिनच्या पाण्याचा तीन इंची पाइप, आणि गच्चीवरच्या टाकीतून खाली येणाऱ्या एक-दोन पाण्याच्या लाइन्स त्या उभ्या पोकळीतून जातात. जुन्या मुंबईत हे पाइप इमारतीच्या मागे उघड्यावर असायचे आणि प्लंबर दोरावर लटकून काम करायचा. टॉवर आले तसे पाइप घराच्या आत शिरले, त्यांच्यावर टाइल्स चढल्या, आणि दुरुस्तीचा रस्ता घरमालकाच्या बाथरूममधून जाऊ लागला.

ही पोकळी दिवसेंदिवस आखडत चालली आहे, आणि त्यामागे एक साधा हिशेब आहे. रेरा कायद्यात (२०१६) कार्पेट एरियाची जी व्याख्या आहे, तिच्यातून सर्व्हिस शाफ्टखालची जागा वगळलेली आहे. म्हणजे बिल्डरला डक्टचा चौरस फूट कार्पेट म्हणून विकता येत नाही, बाथरूमचा मात्र येतो. ग्राहकही खूश असतो, कारण न्हाणीघर दोन इंच मोठं मिळतं. या दोघांच्या संगनमतात तिसरा माणूस, म्हणजे पंधरा वर्षांनी पान्हा घेऊन येणारा प्लंबर, कुठेच नसतो. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये शाफ्टची मापं आहेत, पण ती उजेड आणि वारा मिळावा म्हणून ठरवलेल्या शाफ्टची, ज्यात बाथरूमची खिडकी उघडते. टाइल्सनी बंद केलेल्या बॉक्सला त्याचा काही उपयोग नाही. तिथे जो तो आपल्या मनाचा राजा.

ठाण्यातल्या एका सात मजली इमारतीतलं प्रकरण सांगतो. तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूमच्या छताला, कोपऱ्यात, पिवळट डाग पडला. घरातल्या काकूंनी चौथ्या मजल्यावर बोट दाखवलं, चौथ्यावाल्यांनी पाचव्यावर. गळती शोधताना पहिली अडचण ही असते की डक्टमध्ये पाणी पाइपाच्या बाहेरच्या अंगावरून ओघळतं, आणि स्लॅब लागेल तिथे पसरतं. त्यामुळे डाग जिथे दिसतो तिथे गळती असेलच असं नाही. वाटेत कुठे अडथळा नसेल तर ती दोन मजले वरही असू शकते.

आधी पाणी कुठलं ते ठरवावं लागतं. दाबाची लाइन गळत असेल तर ओल रात्रंदिवस सारखी राहते आणि वास येत नाही. व्हॉल्व्ह बंद करून दोन-तीन तास थांबलं की ओघळ थांबतो. ड्रेनेजची गळती वापराबरोबर येते नि जाते: वर कोणी फ्लश केला की काही मिनिटांत थेंब, मग शांतता, आणि हळूहळू वास. नहाणी ट्रॅपच्या आजूबाजूचं वॉटरप्रूफिंग गेलं असेल तर ओल अंघोळीनंतर उशिरा येते आणि सावकाश वाळते. इथे थेंब फ्लशबरोबर येत होते. प्लंबरने डक्टमध्ये हात जाईल तिथे तिथे, प्रत्येक जोडाच्या खाली, पाइपाभोवती वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळून सुतळीने बांधली आणि वरून दोन बादल्या कमोडमध्ये ओतायला सांगितल्या. सगळ्यात वरची जी पट्टी ओली, तिच्या लगेच वर गळती. कोरड्या कागदाइतकं खात्रीचं यंत्र या कामात दुसरं नाही. (रंगीत पाणीही ओततात, पण तो रंग नंतर महिनाभर छतावर मिरवतो.)

पट्टीने दाखवलं ते असं: चौथ्या मजल्याचा कमोडचा आडवा पाइप त्याच्याच स्लॅबखाली उभ्या पाइपाला जिथे मिळतो, तो टी-चा जोड झिरपत होता. म्हणजे तक्रार करणाऱ्या काकूंच्याच बाथरूममध्ये, त्यांच्या फॉल्स सिलिंगच्या पातळीवर. कारणही समजण्यासारखं होतं. पीव्हीसी पाइप उन्हाळ्या-हिवाळ्यात लांबीने कमी-जास्त होतो. तीन मीटरच्या पाइपात वीस अंशांच्या फरकाने साधारण चार मिलिमीटर. रबर रिंगच्या जोडात पाइपाचं टोक तळापर्यंत न दाबता सेंटीमीटरभर मोकळं ठेवायचं असतं, ते या हालचालीसाठी. इथे वरपासून खालपर्यंत सगळे जोड सॉल्व्हंटने चिकटवलेले, मध्ये क्लॅम्पही मोजकेच. मग ताण येतो तो टी-वर.

उघडायला दार होतं का? होतं. जमिनीपासून फूटभर उंचीवर, आठ इंच बाय आठ इंच, एका टाइलच्या निम्म्या मापाचं. टाइलची नक्षी मोडू नये म्हणून ते तिथे बसवलं होतं. गळती साडेसहा फुटांवर. पाइपाला डोअर, म्हणजे झाकण उघडून आत पाहता येईल असा तुकडाही होता, पण बसवणाऱ्याने त्याचं तोंड भिंतीकडे केलेलं. ‘‘काकू, याचं तोंड आता भिंतीशीच बोलतंय,’’ असं म्हणत प्लंबरने हातोडा मागवला.

त्याने नंतर जे केलं, त्यातच किती जागा सोडावी याचं उत्तर आहे. सॉल्व्हंटने चिकटलेला जोड उघडत नाही, तो कापूनच काढावा लागतो. टी आणि तिची तोंडं धरून सुमारे फूटभराचा तुकडा निघाला. नवा तुकडा उभ्या पाइपात नुसता घुसवता येत नाही, कारण वरचा पाइप उचलता येत नाही आणि खालचा दाबता येत नाही. म्हणून रिपेअर कपलर लागतो. साध्या कपलरच्या आत मधोमध अडथळा असतो, याच्यात नसतो, त्यामुळे तो जुन्या पाइपावर पूर्ण सरकवून ठेवायचा, नवा तुकडा जागेवर धरायचा, आणि कपलर निम्मा मागे ओढून दोन्ही टोकं झाकायची. त्यासाठी कापलेल्या जागेच्या वर सहा इंच आणि खाली सहा इंच सरळ, मोकळा पाइप हवा, ज्यावर क्लॅम्प नाही, सिमेंटचा लपका नाही. फूटभर तुकडा, अधिक सहा, अधिक सहा: दोन फूट. दाराची उंची अशी ठरते.

रुंदी करवत ठरवते. हॅकसॉचं पातं फूटभराचं, मूठ धरून दीड फुटाच्या आसपास. समोरून काम करणारा माणूस करवत आडवी, डावी-उजवीकडे चालवतो. दीड फुटापेक्षा अरुंद फटीत ती नुसती खुडखुडते. जागाच नसेल तर प्लंबर नायलॉनची दोरी पाइपामागून घेऊन दोन्ही हातांनी घासतात. घर्षणाच्या उष्णतेने पीव्हीसी कापला जातो. इथे तेच करावं लागलं, पण काप वाकडा आला आणि तो कानशीने सरळ करण्यात निम्मा दिवस गेला.

खोलीचं गणित हाताच्या पंजाचं. पाइप भिंतीला चिकटून असेल तर मागून दोरीसुद्धा जात नाही. पाइपामागे आणि दोन पाइपांमध्ये तीन इंच असले की पंजा फिरतो, कपलर पकडता येतो, मागच्या बाजूचं सॉल्व्हंट पुसता येतं. चार इंची पाइपाची सॉकेट बाहेरून पाच इंचांच्या पुढे असते, हे विसरून पाइपाच्या मापावर बॉक्स बांधतात आणि मग जोडापाशी सगळं दाटतं.

आता एका साध्या डक्टचं माप मांडू. मागे तीन इंच, सॉकेटचे पाच, पुढे पॅनलपर्यंत आणखी तीन-चार. खोली झाली एक फूट. रुंदीत कडेला तीन इंच, चार इंची पाइप, चार इंच अंतर, तीन इंची पाइप, मग पाण्याच्या दोन बारीक लाइन्स आणि त्यांच्यामधली बोटं शिरण्याइतकी जागा, शेवटी पुन्हा कडेचे तीन इंच: सव्वादोन फुटांच्या घरात जाते. म्हणजे सव्वादोन चौरस फूट. त्या ठाण्याच्या घरात बॉक्स दीड फूट बाय सहा इंच होता, पाऊण चौरस फूट. फरक दीड चौरस फुटाचा. चौरस फुटाला १५ हजार रुपये भाव धरला तर साडेबावीस हजारांची जागा वाचवली होती. त्यापायी टाइल्स फुटल्या, त्या रंगाचा लॉट बाजारात मिळाला नाही, म्हणून अख्खी भिंत बदलली, आणि दहा-बारा दिवस काकू शेजारी अंघोळीला जात होत्या. हे माप माणूस बाहेर उभा राहून काम करेल अशा डक्टचं आहे. आत शिरून काम करायचं असेल तर पाइपांसमोर किमान दोन फूट मोकळे लागतात, आणि शक्यतो प्रत्येक मजल्यावर पाय ठेवायला जाळी.

दार कुठे द्यायचं, हे टाइलवाल्याला ठरवू देऊ नये. दार जोडासमोर हवं. तुमच्या बाथरूममध्ये जिथे वरच्या मजल्याचा आडवा पाइप येऊन मिळतो तिथे एक मोठं, दीड बाय दोन फुटांचं. व्हॉल्व्हसमोर एक छोटं, फूट बाय फूट. ते व्हॉल्व्ह फिरवायला पुरतं, पाइप बदलायला नाही. डोअरचं तोंड दाराकडे, आणि तुंबलेली लाइन साफ करायला स्प्रिंग आत घालता येईल इतकी जागा त्यासमोर. टाइल चिकटवलेलं पॅनल हवं असेल तर अॅल्युमिनियमची चौकट घालून घ्या, पण कडेला ग्राउट भरू नका, सिलिकॉन भरा. सिलिकॉन ब्लेडने कापलं की निघतं, ग्राउट काढताना टाइलचा कोपरा उडतो. कन्सील्ड फ्लश टाकीचं तेवढं बरं आहे. तिचे आतले सुटे भाग फ्लशच्या प्लेटमधूनच निघतात, फक्त हौसेने मोठी टाइल लावून प्लेटचं तोंड लहान करू नका.

खर्च कोणाचा, यावरून त्या इमारतीत सभा झाली. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये ड्रेनेज लाइन संस्थेने दुरुस्त करायच्या यादीत आहे, घरातले नळ आणि फिटिंग सभासदाकडे. त्यामुळे पाइपाचा खर्च सोसायटीने दिला. टाइल्सचा प्रश्न मात्र लोंबकळला, कारण मूळ दार बुजवून नक्षी जुळवणारं नूतनीकरण काकूंनीच केलेलं होतं. शेवटी कमिटीने ठरवलं की यापुढे बाथरूम फोडायची परवानगी मागणाऱ्याने टाइल्स लागण्यापूर्वी उघड्या डक्टचे फोटो, शेजारी मोजपट्टी धरून, सोसायटीत जमा करायचे. ज्या घराचे फोटो आहेत, तिथे पुढच्या गळतीला किती इंचांवर काय आहे ते फोडण्याआधीच कळेल.