आधी फोन, मग पोस्ट

नोव्हेंबर २०२२ मध्ये ज्येष्ठ अभिनेते विक्रम गोखले पुण्यात रुग्णालयात होते. २३ तारखेच्या रात्री त्यांच्या निधनाची बातमी समाजमाध्यमांवर पसरली आणि श्रद्धांजलीच्या पोस्टचा पूर आला. गोखले अत्यवस्थ होते, पण हयात होते. रुग्णालयात धावपळ करणाऱ्या घरच्यांना खुलासेही करत बसावं लागलं. त्यांचं निधन झालं ते २६ नोव्हेंबरला.

नामवंतांच्या बाबतीत अशी चूक निदान जाहीरपणे दुरुस्त होते. सर्वसामान्य घरात बातमी खरी असते, पण ती चुकीच्या क्रमाने पोहोचते, आणि ती दुखापत कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून काय लिहायचं याच्याआधी कुणाला कोणत्या क्रमाने कळवायचं, हे ठरवायला हवं.

एक उदाहरण घेऊ. साताऱ्यातले निवृत्त मुख्याध्यापक पहाटे चारला रुग्णालयात गेले. पत्नी आणि मुलगी जवळ आहेत. मुलगा न्यू जर्सीत आहे, तिथे आदल्या दिवशीची संध्याकाळ आहे आणि तो गाडी चालवत घरी निघाला आहे. मुख्याध्यापकांची थोरली बहीण नाशिकला एकटी राहते, तिला हृदयविकार आहे. अशा वेळी एखाद्या पुतण्याने साडेचारला काळ्या पार्श्वभूमीवर काकांचा फोटो आणि खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ असं स्टेटस ठेवलं, तर मुलाला वडील गेल्याचं सिग्नलला थांबल्यावर कळेल आणि आत्याबाईंना सकाळी चहा घेताना. पुतण्याचा हेतू वाईट नसतो. त्याला थांबायला कुणी सांगितलेलं नसतं, इतकंच.

हे टाळायचं तर पहिला तासभर फक्त फोनचा ठेवावा. मुलं, भावंडं, व्याही आणि अगदी जवळचे मित्र यांची नावं कागदावर लिहून फोन दोघांत वाटून घ्यावेत. एकट्या वृद्ध व्यक्तीला थेट फोन करण्याऐवजी शेजारच्यांना आधी तिच्या घरी पाठवावं. प्रत्येक फोनच्या शेवटी एक वाक्य न विसरता सांगावं : ‘आम्ही ग्रुपवर टाकेपर्यंत कुठेही टाकू नका.’ बहुतेक लोक हे पाळतात.

त्यानंतर नातेवाइकांचा, सोसायटीचा आणि माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. इथला संदेश कामाचा असतो, म्हणून त्यात तपशील हवेत. एक मोठी चूक ‘आज’ या शब्दाने होते. संदेश पुढे पुढे जातो आणि दोन दिवसांनी मिळालेल्या माणसाला ‘आज दुपारी चारला अंत्यसंस्कार’ असं वाचायला मिळतं. म्हणून वार आणि तारीख लिहावी. आपल्या उदाहरणातला संदेश असा होईल : ‘आमचे वडील, निवृत्त मुख्याध्यापक (पूर्ण नाव), यांचे मंगळवार दि. १० रोजी पहाटे अल्प आजाराने निधन झाले. अंत्यसंस्कार त्याच दिवशी दुपारी ४ वाजता संगम माहुली येथे होतील. कृपया आईला सध्या फोन करू नये. चौकशीसाठी जावई (नाव, क्रमांक).’ हा संदेश ग्रुपवर पिन करता येतो. नाहीतर हात जोडलेल्या दीडशे चिन्हांच्या खाली अंत्ययात्रेची वेळ गाडली जाते. अ‍ॅडमिनला सांगून काही तास ‘फक्त अ‍ॅडमिन संदेश पाठवू शकतात’ अशी सोयही करता येते.

फेसबुकवरची जाहीर पोस्ट ही वेगळी गोष्ट. ती करायलाच हवी असं नाही. गेलेल्या माणसाला आवडलं नसतं किंवा पत्नीला नको असेल, तर ग्रुपवरचा संदेश आणि वर्तमानपत्रातली निधनवार्ता पुरेशी आहे. करायची असेल तर शक्यतो अंत्यसंस्कारानंतर करावी आणि ग्रुपवरचा मजकूर तसाच उचलून टाकू नये. घरातले सगळे दुपारी चारला स्मशानात असतील, म्हणजे घराला कुलूप असेल, हे जगाला सांगण्याचं कारण नाही. पत्ता, फोन क्रमांक आणि पूर्ण जन्मतारीखही नको. गेलेल्या व्यक्तीचा फोटो आणि नाव वापरून बनावट खातं काढणारे आणि ओळखीच्यांकडे पैसे मागणारे भामटे अशाच पोस्टवर नजर ठेवून असतात. खरोखर मदत गोळा करायची नसेल तर ‘कुणीही आमच्या नावाने पैसे मागितल्यास देऊ नका’ हे एक वाक्य घालावं.

आता प्रतिक्रियांकडे. पोस्ट टाकण्याआधीच ती कोण सांभाळणार हे ठरवावं. हा माणूस मुलगा किंवा मुलगी नसावा, एखादा शांत डोक्याचा जावई किंवा भाचा बरा. पोस्ट कुणाला दिसेल आणि तिच्यावर कोण लिहू शकेल, हे फेसबुकवर ठरवता येतं. ‘फक्त मित्र’ एवढी मर्यादा घातली तरी निम्मा त्रास वाचतो. प्रत्येकाला उत्तर देण्याची गरज नाही. दोन-तीन दिवसांनी सर्वांचे आभार मानणारी एक ओळ पुरते.

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ‘कशाने गेले?’ त्याच्या मागोमाग ‘कोणत्या हॉस्पिटलमध्ये होते?’ आणि ‘वेळेवर मोठ्या डॉक्टरांना दाखवलं असतं तर...’ या शेवटच्या वाक्याने घरातला माणूस वर्षानुवर्षं स्वतःला दोष देत राहू शकतो. म्हणून कारण किती सांगायचं हे आधीच ठरवून पोस्टमध्ये तेवढंच लिहावं. पुढे कुणी खोदून विचारलं तर ‘याहून अधिक आम्हाला सध्या बोलायचं नाही’ हे उत्तर सर्वांना सारखं द्यावं. वाद घालू नये.

खोचक प्रतिक्रिया पुसून टाकली की लिहिणारा चिडून दुसरीकडे तेच लिहितो. फेसबुकवर ती लपवता येते : मग ती लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना दिसत राहते, इतरांना नाही. आगाऊ नातेवाइकांसाठी हा उपाय चांगला. शिवीगाळ, धमकी किंवा ‘माझे पैसे द्यायचे राहिलेत’ असा दावा असेल, तर आधी स्क्रीनशॉट घ्यावा आणि मग पुसावं. पार्थिवाचा फोटो कुणी टाकला असेल तर प्रतिक्रियेत न भांडता थेट फोन करून काढायला सांगावं.

मृत्यू आत्महत्येचा असेल तर नियम अधिक कडक हवेत. प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये वर्तमानपत्रांसाठी जी सूत्रं स्वीकारली, ती घरच्या पोस्टलाही लागू पडतात : पद्धत आणि जागा यांचा उल्लेख नको. अशा पोस्टवर प्रतिक्रिया बंदच ठेवलेल्या बऱ्या, कारण तर्कवितर्क तिथेच सुरू होतात.

शेवटी गेलेल्या व्यक्तीचं खातं. ते तसंच राहिलं तर पुढच्या वाढदिवशी फेसबुक मित्रांना शुभेच्छा द्यायची आठवण करतं आणि काही जण ‘जीवेत शरदः शतम्’ लिहून मोकळे होतात. मृत्यूचा पुरावा देऊन खातं स्मृतिखातं करून घेता येतं, मग ही आठवण थांबते. मात्र त्यानंतर पासवर्ड माहीत असला तरी त्या खात्यात कुणालाच शिरता येत नाही. अशी विनंती मित्रही करू शकतात, तेव्हा घरच्यांनी निर्णय लांबवू नये. ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ म्हणून आपण जिवंतपणी नेमलेली व्यक्ती अशा खात्यावर एक पोस्ट वर ठेवू शकते आणि फोटो बदलू शकते, पण आपले खासगी संदेश वाचू शकत नाही.

ही नेमणूक सेटिंगमध्ये जाऊन आपली आपणच करायची असते आणि तिला पाच मिनिटं लागतात. ती आज करा, आणि आपल्या माघारी फेसबुकवर काही लिहावं की नाही, हेही घरात एकाला तरी सांगून ठेवा.