यंत्र एकच, एका वहीत नफा, दुसऱ्या वहीत तोटा

अकरावीच्या पुस्तपालनात घसाऱ्याची गणितं वर्षअखेरीपर्यंत सुरळीत चालतात. यंत्र वर्षाच्या मध्येच विकलं, की मुलं अडखळतात.

समजा, पापडाच्या एका लघुउद्योगाने 1 एप्रिल 2021 रोजी 92,000 रुपयांचं यंत्र घेतलं. वाहतूक आणि उभारणीला 8,000 रुपये लागले. यंत्र वापरण्याजोगं करण्याचा खर्च किमतीतच धरायचा, म्हणून यंत्र खात्यावर 1,00,000 रुपये. घसारा 10 टक्के, वर्ष 31 मार्चला संपणारं. 30 सप्टेंबर 2023 ला यंत्र 76,000 रुपयांना विकलं.

स्थिर हप्ता पद्धतीत दर वर्षी मूळ किमतीवरच घसारा. पहिल्या दोन वर्षांचे 10,000 प्रमाणे 20,000, आणि तिसऱ्या वर्षी एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांचे 5,000. विक्रीच्या दिवशी पुस्तकी किंमत 75,000. म्हणजे 1,000 रुपये नफा.

ऱ्हासमान शेष पद्धतीत घसारा उरलेल्या शिलकीवर. पहिल्या वर्षी 10,000, दुसऱ्या वर्षी 90,000 वर 9,000. शिल्लक 81,000. तिच्यावर सहा महिन्यांचा घसारा 4,050. पुस्तकी किंमत 76,950, म्हणजे 950 रुपये तोटा.

मग खरं काय, नफा की तोटा? दोन्ही बेरजा करून पाहा. पहिल्या पद्धतीत घसारा 25,000, त्यातून नफा 1,000 वजा: 24,000. दुसरीत घसारा 23,050, त्यात तोटा 950 मिळवला: पुन्हा 24,000. लाखाचं यंत्र 76,000 ला गेलं, तेव्हा उद्योगाला ते 24,000 रुपयांना पडलं. पद्धतीने ठरतं ते एवढंच, की ही रक्कम कोणत्या वर्षी किती दाखवायची.

हा ताळा उपयोगाचा आहे, पण तो फसवतोही. सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे विक्रीच्या वर्षाचा घसारा विसरणं. स्थिर हप्ता पद्धतीत ते 5,000 राहिले, तर पुस्तकी किंमत 80,000 दिसेल आणि 1,000 नफ्याऐवजी 4,000 तोटा येईल. तरीही घसारा 20,000 आणि तोटा 4,000 मिळून बेरीज 24,000 च! कमी धरलेला घसारा तोट्यात जाऊन बसतो, त्यामुळे ताळा जुळतो आणि उत्तर चुकतं. पूर्ण वर्षाचा घसारा लावला तरी असंच होतं.

म्हणून ताळ्याआधी तारीख पाहावी. वर्षाच्या पहिल्या दिवसापासून विक्रीच्या दिवसापर्यंतचे महिने बोटांवर मोजावेत, तेवढ्याच महिन्यांचा घसारा आधी लावावा आणि मगच नफा-तोटा काढावा.