नकार कळवायचा तर...

ठरवून होणाऱ्या लग्नांत नकार कळवण्याची जबाबदारी मुलामुलींवर क्वचितच यायची. मध्यस्थ काका दोन दिवसांनी फोन करून 'पत्रिका जुळत नाही' असं सांगायचे आणि विषय तिथेच मिटायचा. पत्रिका खरंच पाहिली होती की नाही, हे कुणी विचारायचं नाही. आता ओळख अ‍ॅपवर होते, चार-पाच भेटी दोघांच्याच होतात आणि पुढे जायचं नसेल तर ते सांगायला काका नसतात. समोरचा माणूस उद्धट किंवा खोटारडा असेल तर सोपं असतं. तो भला असला की हात अडखळतो.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३मध्ये एकतर्फी प्रेमाच्या आठवणी दोन्ही बाजूंनी लिहून घेतल्या. नकार देणाऱ्यांना अपराधी वाटत होतं आणि अशा वेळी काय बोलायचं हेच त्यांना सुचत नव्हतं. नकार मिळालेल्यांची तक्रार वेगळी होती: आपल्याला झुलवत ठेवलं आणि स्पष्ट 'नाही' कधी ऐकवलंच नाही. एकाला वाटतं आपण हळुवारपणे सुचवलं. दुसऱ्यापर्यंत ते पोचलेलंच नसतं.

समजा, पुण्यातली एक तरुणी आणि ठाण्याचा एक तरुण दीड महिन्यात पाच वेळा भेटले. तो वेळेवर येतो, वेटरशी नीट बोलतो, तिच्या आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची चौकशी करतो. पण त्याच्याबरोबर तिला गप्पा ओढूनताणून कराव्या लागतात आणि पुढच्या भेटीची ओढ वाटत नाही. ती रात्री लिहायला बसते: 'सॉरी, खरंच सॉरी. तू खूप छान आहेस, तुला माझ्यापेक्षा चांगली मुलगी मिळेल. सध्या ऑफिसमध्ये फार गडबड आहे, आत्ता रिलेशनशिपचा विचार करता येत नाहीये.'

हेतू चांगला आहे, मजकूर मात्र फसलेला. 'सध्या' आणि 'आत्ता' या शब्दांतून तो ऐकणार की दोन महिन्यांनी विचारून बघावं. तो तसं विचारेलही, आणि मग तिला दुसरं कारण शोधावं लागेल. 'माझ्यापेक्षा चांगली मिळेल' हे सांत्वन त्याने मागितलेलं नाही. आणि वारंवारच्या 'सॉरी'चं काय होतं, ते गिली फ्रीडमन आणि सहकाऱ्यांच्या २०१७च्या अभ्यासात दिसतं. माफी मागत दिलेला नकार लोकांना जास्त लागला. शिवाय मनातून माफ केलेलं नसतानाही 'ठीक आहे' म्हणण्याचं ओझं त्यांच्यावर पडलं. जखम ज्याला झाली, धीर देण्याचं कामही त्याच्याच गळ्यात!

तिने दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा लिहिलं तर ते असं होऊ शकतं:

'तुझ्याशी ओळख झाली ते बरं वाटलं. आईची तू आठवणीने चौकशी केलीस, ते मनापासून आवडलं. पण आठवडाभर विचार केला आणि जोडीदार म्हणून आपलं जुळेल असं मला वाटत नाही. त्यामुळे आपण यापुढे भेटू नये असं मी ठरवलं आहे. तुझं काही चुकलेलं नाही. तुला ताटकळत ठेवायचं नव्हतं म्हणून लगेच सांगतेय. बोलावंसं वाटलं तर एकदा फोन कर. नाही वाटलं तर उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.'

यात कौतुक एकच आहे, पण ते फक्त त्याच्याबद्दलच खरं आहे. नकाराचं वाक्य मधोमध आणि उघड आहे. त्यात 'कदाचित' नाही. ऑफिस किंवा आई-वडील यांच्यामागे ती लपलेली नाही. 'आपण मित्र राहू' हेही मुद्दामच गाळलं आहे, कारण त्या घडीला ते आमंत्रण नसून समजूत असते, आणि भला माणूस ते खरं मानून बसतो.

'नेमकं काय खटकलं?' असा प्रश्न येईलच. एकदा, थोडक्यात आणि स्वतःबद्दल उत्तर द्यावं: 'मला जी ओढ वाटायला हवी होती ती वाटली नाही.' त्याच्या बोलण्याच्या लकबीपासून शर्टापर्यंतची यादी देऊ नये, तो आग्रह करत असला तरी. यादी दिली की तो एकेक मुद्दा सुधारायला निघतो आणि संवाद वाटाघाटीवर येतो.

मेसेजची ही रीत थोड्याच भेटींपुरती. वर्षभराचं नातं किंवा ठरलेला साखरपुडा असेल तर समोरासमोर बसावंच लागतं. उलट माणूस धमकावणारा असेल तर फोनचं दारही उघडं ठेवू नये.

आपल्याकडे आणखी एक गुंता असतो. ओळख विवाहसंस्थेतून झाली असेल तर दोन्ही आयांकडे एकमेकींचे नंबर असतात आणि बातमी तिकडून आधी फुटते. आईकडून कळलेला नकार त्याला दुप्पट झोंबतो. म्हणून मेसेज आधी त्याला जावा, त्याने तो वाचल्यावर घरी सांगावं, आणि आईलाही तेच कारण द्यावं जे त्याला दिलं. नाहीतर संध्याकाळच्या फोनवर आई सवयीने म्हणून टाकते, 'अहो, पत्रिकाच जुळत नाहीये.'