शब्द तुकोबांचे, चाल खळ्यांची, आवाज आपला

श्रीनिवास खळे यांनी चाल दिलेला आणि लता मंगेशकरांनी गायलेला तुकोबांचा एखादा अभंग आपल्या आवाजात, पेटी-तबल्याच्या साथीनं घरीच ध्वनिमुद्रित करायचा आणि यूट्यूबवर टाकायचा, असं समजा कुणी ठरवलं. चांगला माइक घेतला, गायलाही उत्तम. तरी ऐकताना आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो. दोष बहुतेक वेळा माइकचा नसतो, खोलीचा असतो.

गायकाचा आवाज माइकपर्यंत दोन वाटांनी पोचतो. एक थेट, दुसरी समोरच्या टेबलावर आपटून. ही दुसरी वाट ३४ सेंटीमीटरनं लांब आहे असं धरू. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे ती दुसरी प्रत एक सहस्रांश सेकंद उशिरा येते. तेवढ्या वेळात ५०० हर्ट्झची लहर बरोबर अर्धी मागे पडते. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर येतो आणि तिथला आवाज क्षीण होतो. १५०० आणि २५०० हर्ट्झलाही तेच होतं, तर मधल्या १००० आणि २००० हर्ट्झला उलट जोर चढतो. आलेख काढला तर कंगव्याचे दाते दिसतात. मिक्सिंगमध्ये हे भरून काढता येत नाही, कारण गायकानं मान जराशी हलवली तरी अंतर बदलतं आणि खळगे सरकतात.

उपाय ध्वनिमुद्रणाच्या आधीच करायचा. टेबल बाजूला करावं आणि माइक तोंडापासून वीतभर अंतरावर आणावा. अंतर निम्मं झालं की थेट आवाज सहा डेसिबलनं वाढतो, परावर्तित आवाज मात्र जवळपास तेवढाच राहतो. गाण्यासाठी वापरला जाणारा नेहमीचा कार्डिऑइड माइक समोरचं ऐकतो, पाठीमागचं फारसं ऐकत नाही. म्हणून जाड गोधडी टांगायची ती गायकाच्या पाठीमागे. बरेच जण ती माइकमागे लावतात. खोलीत टाळी वाजवून पाहावी. मागे धातूसारखी झणझण उरली, तर आणखी कापड हवं. गोधडीलाही मर्यादा आहे: १०० हर्ट्झची लहर साडेतीन मीटरच्या आसपास लांब असते, तिला कापड अडवत नाही. म्हणून लहान खोलीत डग्गा घुमतो. तबला कोपऱ्यातून हलवणं हाच त्यावरचा खरा इलाज.

पेटी आणि गळा शक्यतो वेगवेगळे मुद्रित करावेत. एकत्र बसलं तर पेटी गायकाच्या माइकमध्ये शिरते आणि मग गळ्याचा आवाज वाढवला की पेटीही वाढते. पातळी इतकी ठेवावी की सर्वांत जोरकस तानही शून्य डेसिबलच्या १० ते १२ खाली राहील. शून्य ओलांडलं की लहरीचे माथे कापले जातात.

मिक्सिंगमध्ये खरी अडचण अशी की पेटीचे उपस्वर आणि गायकाची व्यंजनं एकाच भागात, साधारण दोन ते चार हजार हर्ट्झमध्ये, येतात. गळा मोठा करण्यापेक्षा पेटीचा तेवढा भाग दोन-तीन डेसिबलनं उतरवणं मला जास्त पटतं. मग आवाज अगदी बारीक करून ऐकावं. शब्द कळले तर तोल साधला. शेवटी सगळंच दाबून मोठं करण्याचा मोह टाळावा: यूट्यूब फार मोठी गाणी सुमारे उणे १४ एलयूएफएसपर्यंत खाली आणतं, म्हणजे मोठेपणा जातो आणि दाबलेपण उरतं.

आता हक्क. तुकोबांचे शब्द साडेतीनशे वर्षांहून जुने, त्यांवर कुणाचा कॉपीराइट नाही. चालीचं तसं नाही. भारतात संगीतकृतीचं संरक्षण रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतं. खळे २०११ मध्ये गेले, म्हणून ही चाल २०७१ च्या अखेरीपर्यंत संरक्षित आहे. मूळ ध्वनिमुद्रणाचा हक्क आणखी निराळा. आपण पेटी-तबला स्वतः वाजवला तर त्याला धक्का लागत नाही; मूळ गाण्यातलं वाद्यसंगीत उचललं तर लागतो. कुणीतरी बनवलेला कराओके ट्रॅक वापरला, तर त्याच्या मालकाची परवानगीही हवी.

कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये आलेलं कलम ३१-सी कव्हरला वाट देतं, पण ती अरुंद आहे. पहिल्या ध्वनिमुद्रणाचं वर्ष संपल्यावर पाच वर्षं गेलेली हवीत, आधी सूचना द्यावी लागते आणि दर वर्षी किमान ५०,००० प्रतींचं मानधन आगाऊ भरावं लागतं. तांत्रिकदृष्ट्या गरज नसलेले बदल करता येत नाहीत. शिवाय हे कलम ध्वनिमुद्रणापुरतं आहे. चित्रासोबत गाणं जोडायचं, तर चालीचे हक्क ज्याच्याकडे आहेत त्या कंपनीकडून वेगळी लेखी परवानगी घ्यावी लागते. वर्णनात मूळ कलाकारांची नावं देणं योग्यच, पण ती परवानगी नव्हे. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा नव्यानं गायलेली चालही ओळखू शकते. त्यानंतर जाहिरातीचे पैसे स्वतःकडे वळवायचे, व्हिडिओ चालू द्यायचा की अडवायचा, हे हक्कधारक ठरवतो आणि आज चालू दिलेला व्हिडिओ तो उद्या अडवू शकतो. म्हणून पत्रव्यवहार ध्वनिमुद्रणाच्या आधीच सुरू करावा आणि त्यात गाणं, चालीचा रचनाकार, व्हिडिओ कुठे दिसणार आणि त्यातून उत्पन्न घेणार का, हे स्पष्ट लिहावं.