बेरजेत उलटणारे आकडे

मुतखडा काढण्याच्या दोन पद्धतींची तुलना करणारा एक लेख १९८६ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. पहिली पद्धत जुनी होती: कुशीवर मोठा चिरा देऊन मूत्रपिंड उघडायचे आणि खडा बाहेर काढायचा. दुसरी तेव्हा नवी होती. तिच्यात पाठीला लहानसे छिद्र पाडून दुर्बीण थेट मूत्रपिंडात नेतात, खडा फोडतात आणि तुकडे त्याच वाटेने काढून घेतात. लंडनच्या डॉक्टरांनी दोन्ही पद्धतींच्या प्रत्येकी ३५० रुग्णांच्या नोंदी तपासल्या. तीन महिन्यांनी मूत्रपिंडात खडा उरला नसेल, किंवा उरलेच तर दोन मिलिमीटरपेक्षा बारीक कण असतील, तर उपचार यशस्वी धरायचा असे त्यांनी ठरवले होते. या मोजमापाने चिरा देऊन केलेल्या शस्त्रक्रियांपैकी २७३ यशस्वी ठरल्या, म्हणजे ७८ टक्के. दुर्बिणीने २८९ रुग्णांना गुण आला, म्हणजे ८३ टक्के. दुर्बीण सरस, असा निष्कर्ष कोणीही काढला असता.

त्याच लेखात खड्याच्या आकारानुसार वेगळे आकडेही दिलेले होते. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान खड्यांमध्ये चिरा दिलेल्या ८७ रुग्णांपैकी ८१ बरे झाले होते, ९३ टक्के. दुर्बिणीने उपचार केलेल्या २७० पैकी २३४ बरे झाले, ८७ टक्के. इथे जुनी पद्धत पुढे आहे. दोन सेंटिमीटर किंवा त्याहून मोठ्या खड्यांमध्ये चिरा दिलेल्या २६३ पैकी १९२ बरे झाले, ७३ टक्के, आणि दुर्बिणीच्या ८० पैकी ५५, म्हणजे ६९ टक्के. इथेही जुनी पद्धतच पुढे. रुग्णाचा खडा लहान असो वा मोठा, जुनी पद्धत वरचढ, आणि सगळ्या रुग्णांचा मिळून विचार केला की नवी वरचढ. बेरजेत कुठे चूक झाली असेल म्हणून पुन्हा आकडेमोड केली तरी उत्तर तेच येते. ८१ आणि १९२ मिळून २७३ होतात आणि २३४ आणि ५५ मिळून २८९.

संख्याशास्त्रात याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड सिम्पसन यांनी १९५१ साली त्यावर लिहिले म्हणून हे नाव पडले. मात्र जॉर्ज युल यांनी ही गोष्ट १९०३ मध्येच दाखवून दिली होती, त्यामुळे नावाचा मान चुकीच्या माणसाला गेला असे म्हणायला जागा आहे.

उलथापालथ कशी होते हे कळण्यासाठी एकत्रित टक्केवारी म्हणजे नेमके काय, हे पाहावे लागते. चिरा दिलेल्या रुग्णांची एकूण टक्केवारी ७३ आणि ९३ यांच्या दरम्यान कुठेतरी पडणार हे उघड आहे. ती नेमकी कुठे पडेल, हे त्या ३५० जणांत लहान खड्याचे किती आणि मोठ्या खड्याचे किती यावर ठरते. त्यांच्यापैकी २६३, म्हणजे चारातले तीन, मोठ्या खड्याचे होते. त्यामुळे सरासरी खाली ७३ कडे ओढली गेली आणि ७८ वर थांबली. दुर्बिणीच्या बाजूला टक्केवारी ६९ ते ८७ यांच्या दरम्यान पडणार, पण तिथे ३५० पैकी २७० खडे लहान. त्यामुळे ती वर ओढली जाऊन ८३ झाली. थोडक्यात, ७८ विरुद्ध ८३ या तुलनेत दोन पद्धतींपेक्षा दोन प्रकारच्या रुग्णांची तुलना जास्त होते. अवघड रुग्ण एका पद्धतीच्या वाट्याला आले आणि सोपे दुसरीच्या. हे स्वाभाविकही आहे. बारीकशा खड्यासाठी कुशीवर मोठा चिरा देण्याची तयारी डॉक्टरची नसते आणि रुग्णाची तर नसतेच.

यातून उलथापालथीसाठी काय लागते तेही दिसते. खड्याच्या आकाराचा यशावर परिणाम व्हायला हवा, आणि त्याच आकाराचा कोणती पद्धत निवडली जाते यावरही परिणाम व्हायला हवा. यांतले एक जरी नसले तरी विरोधाभास घडत नाही. दोन्ही पद्धतींच्या रुग्णांत लहान-मोठ्या खड्यांचे प्रमाण सारखे असते, तर एकत्रित आकडाही जुन्या पद्धतीच्याच बाजूने बोलला असता. असा, उपचार आणि परिणाम या दोहोंशी संबंध असलेला तिसरा घटक गोंधळ माजवतो.

दोष कळला की तो काढण्याचा एक जुना आणि सरळ उपाय आहे. दोन्ही पद्धतींच्या हाती अगदी सारखेच रुग्ण आले आहेत असे समजायचे. दोन्ही मिळून ७०० रुग्णांत ३५७ खडे लहान होते आणि ३४३ मोठे. हे सगळे ७०० रुग्ण जुन्या पद्धतीकडे गेले असते, तर लहान खड्यांत तिचे ९३ टक्के आणि मोठ्या खड्यांत ७३ टक्के यश धरून सुमारे ५८३ जण बरे झाले असते, म्हणजे ८३ टक्के. तेच सगळे दुर्बिणीकडे गेले असते, तर सुमारे ५४५, म्हणजे ७८ टक्के. आकडे तेच, फक्त त्यांनी जागा बदलल्या. लोकसंख्याशास्त्रात दोन प्रदेशांचे मृत्युदर ताडून पाहताना वयाचा फरक अशाच रीतीने काढून टाकतात. जिथे म्हातारी माणसे जास्त तिथे मृत्युदर जास्तच असणार, मग तिथली आरोग्यव्यवस्था कितीही चांगली असो.

म्हणून जुनीच शस्त्रक्रिया करावी, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. मोठ्या खड्यांतला ७३ आणि ६९ टक्क्यांचा फरक एवढ्या रुग्णसंख्येत निव्वळ योगायोगानेही पडू शकतो, आणि लहान खड्यांतलाही फार भक्कम नाही. शिवाय जुन्या पद्धतीच्या नोंदी १९७२ ते १९८० या काळातल्या होत्या आणि दुर्बिणीच्या १९८० नंतरच्या. दोन वेगळ्या काळांत रुग्ण, उपकरणे, भूल देण्याच्या पद्धती, सगळेच थोडे थोडे बदलते. आणि चिऱ्याची जखम, तिची वेदना, अंथरुणाला खिळून राहण्याचे दिवस यांचा या टक्केवारीत हिशेबच नाही. कुशीवरचा चिरा टळावा म्हणून चार-सहा टक्के कमी यश पत्करायला बरेच रुग्ण आनंदाने तयार होतील.

तिसरा घटक किती जोर लावू शकतो हे धूम्रपानाच्या एका पाहणीत आणखी ठळकपणे दिसते. इंग्लंडच्या ईशान्येला न्यूकॅसलजवळ विकम नावाचे ठिकाण आहे. तिथल्या रहिवाशांची १९७२ ते १९७४ या काळात तपासणी झाली होती आणि वीस वर्षांनी त्यांतले कोण हयात आहे हे पाहिले गेले. तपासणीच्या वेळी सिगारेट ओढणाऱ्या ५८२ बायकांपैकी १३९ वारल्या होत्या, २४ टक्के. कधीच न ओढलेल्या ७३२ पैकी २३० वारल्या होत्या, ३१ टक्के. सिगारेटने आयुष्य वाढते, असे या आकड्यांवरून कोणी खुशाल म्हणावे. गोम वयात होती. त्या पिढीतल्या म्हाताऱ्या बायकांत सिगारेट फारशी रुळली नव्हती. न ओढणाऱ्यांत पासष्टी ओलांडलेल्या १९३ होत्या आणि ओढणाऱ्यांत जेमतेम ४९. वीस वर्षांत म्हातारपणाने जे व्हायचे ते झाले आणि त्याचा ठपका सिगारेट न ओढणाऱ्यांच्या खात्यावर पडला. एकाच वयोगटातल्या बायका घेतल्या की चित्र पालटते. ५५ ते ६४ वयाच्या ओढणाऱ्यांत ४४ टक्के वारल्या होत्या, न ओढणाऱ्यांत ३३ टक्के. बहुतेक वयोगटांत कौल याच बाजूने होता.

इतके वाचल्यावर वाटेल की आकडे नेहमी गट पाडूनच पाहावेत. तेही खरे नाही, आणि या विषयातला सगळ्यात निसरडा भाग हाच आहे. खड्याचा आकार उपचाराआधी ठरलेला असतो. बायकांचे वय सिगारेटमुळे ठरत नाही. म्हणून त्यानुसार गट पाडणे योग्य होते. पण गट ज्या गोष्टीवरून पाडले ती गोष्ट कारणाचाच परिणाम असेल तर गट पाडणेच फसवते. याचे गाजलेले उदाहरण नवजात बाळांच्या वजनाचे आहे. कॅलिफोर्नियातल्या बाळंतपणांच्या नोंदी तपासताना याकोब येरुशाल्मी यांना १९७१ मध्ये आढळले, की अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांत सिगारेट ओढणाऱ्या आयांची बाळे न ओढणाऱ्या आयांच्या बाळांपेक्षा कमी दगावतात. म्हणजे अशक्त बाळाला आईच्या सिगारेटने संरक्षण मिळते की काय? कारण वेगळे आहे. सिगारेट स्वतःच बाळाचे वजन घटवते. ओढणाऱ्या आईचे बाळ लहानखुरे असले तर बहुधा त्याला सिगारेट कारण असते. न ओढणाऱ्या आईचे बाळ तेवढेच लहान असले तर त्यामागे जन्मजात व्यंग किंवा तसेच काही गंभीर दुखणे असण्याचा संभव जास्त. वजनानुसार गट पाडले की सिगारेटची तुलना सिगारेट नसण्याशी होत नाही, त्या दुखण्यांशी होते. साहजिकच सिगारेट त्यात सौम्य भासते.

कोणता आकडा धरायचा, एकत्रित की गटागटाचा, हे नुसत्या तक्त्याकडे पाहून कळत नाही. दोन्ही तक्ते अंकगणिताच्या दृष्टीने निर्दोष असतात. काय आधी घडले, काय नंतर, कशामुळे काय होते, हे आकड्यांबाहेरून माहीत असावे लागते. मुतखड्याच्या तक्त्यात ‘लहान’ आणि ‘मोठा’ या शब्दांच्या जागी ‘शस्त्रक्रियेनंतर ताप आला’ आणि ‘ताप आला नाही’ असे लिहिले, तर एकही आकडा न बदलता योग्य उत्तर उलटे होऊ शकते, कारण ताप हा शस्त्रक्रियेचाच परिणाम असू शकतो.

छापून आलेल्या टक्केवारीत असा घोळ असण्याची शंका घ्यायची तर टक्क्यांपेक्षा त्यांच्यामागच्या संख्या जास्त उपयोगी पडतात. ८७ आणि २७०, २६३ आणि ८० या चार संख्या नजरेसमोर असत्या तर पहिल्या तुलनेचा तोल गेलेला आहे हे लगेच दिसले असते. नुसते ७८ आणि ८३ छापले की ते लपते. मात्र गट कशावरून पाडायचे हे सुचण्यासाठी तो घटक नोंदलेला असावा लागतो. डॉक्टरांनी खड्याची लांबी वहीत टिपलीच नसती तर नवी पद्धत बिनतक्रार जिंकली असती. याच भीतीपोटी नव्या औषधांच्या चाचण्यांत कोणाला कोणता उपचार द्यायचा हे डॉक्टर ठरवत नाहीत, ते चिठ्ठ्या टाकून ठरते. मग पुरेसे रुग्ण असले की लहान खडे, मोठे खडे, वय, आणि कोणाच्या लक्षातही न आलेल्या इतर गोष्टी दोन्ही बाजूंना साधारण सारख्याच वाटल्या जातात.